घनता घटली की वाढली? आधी विचारा, अणू गेला कुठे

स्फटिकात एखाददुसऱ्या अणूच्या जागेवर होणाऱ्या बिघाडांचं, म्हणजे बिंदुदोषांचं, प्रकरण पहिल्या वाचनात सोपं वाटतं, आणि तिथेच ते फसवतं. शॉट्की दोषात व्हेकन्सी, म्हणजे रिकामी पडलेली जागा, म्हणून घनता घटते. फ्रेंकेल दोषात आयन स्वतःची जागा सोडून शेजारच्या फटीत जातो, म्हणून घनता तशीच. बाहेरचा अणू फटीत शिरून इंटरस्टिशियल झाला, तर घनता वाढते. एवढा तक्ता सगळ्यांना पाठ असतो, मलाही होता. तक्ता खोटा नाही. पण त्याच्या जोरावर आकडेमोडीचा एकही नीट प्रश्न सुटत नाही. तुमच्या हातात रासायनिक सूत्र, युनिट सेलच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या ठोकळ्याच्या, कडेची लांबी आणि मोजलेली घनता एवढंच असतं. दोष कोणता, ते तुम्हीच ठरवायचं असतं.

म्हणून पहिला प्रश्न 'घनतेचं काय झालं' हा नसावा. तो असावा 'अणू गेला कुठे?' व्हेकन्सी तयार झाली म्हणून अणू हवेत विरत नाही. तो स्फटिकाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. वस्तुमान तेवढंच राहतं, आकारमान वाढतं, म्हणून घनता उतरते. हे नुसतं तोंडी स्पष्टीकरण नाही. १९६० मध्ये सिमन्स आणि बलुफी यांनी ॲल्युमिनियमची दांडी तापवत नेली आणि दोन गोष्टी एकाच वेळी मोजल्या: दांडीची लांबी किती वाढते आणि क्ष-किरणांनी दिसणारी युनिट सेलची कड किती वाढते. युनिट सेल नुसत्या उष्णतेने जेवढी फुगते, त्याहून दांडी जास्त लांबली. दोन्हींच्या सापेक्ष वाढीतल्या फरकाची तिप्पट म्हणजे व्हेकन्सींचं प्रमाण. वितळणबिंदूजवळ, ६६० अंश सेल्सिअसच्या आसपास, ते दर दहा हजार जागांमागे सुमारे नऊ निघालं. धातू वितळायच्या बेतात आला तरी एवढंच! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ज्या खड्ड्यात मी सगळ्यात जास्त काळ अडकून होतो तो. लोखंडाचा ऑक्साइड घ्या, वुस्टाइट. रचना मिठासारखी, म्हणजे युनिट सेलमध्ये दोन्हींच्या चार-चार जागा, पण लोखंड आणि ऑक्सिजन एकास एक सहसा भरत नाहीत. समजा विश्लेषणात लोखंड आणि ऑक्सिजनचं प्रमाण ०.९४५ ला १ आलं. बहुतेक जण लगेच Fe0.945O लिहितात आणि लोखंड कमी आहे म्हणजे लोखंडाची व्हेकन्सी, असं म्हणून मोकळे होतात. पण तेच प्रमाण FeO1.058 असंही लिहिता येतं. तेव्हा वाचताना वाटतं, लोखंड पुरेपूर आहे आणि ऑक्सिजन जास्त झालाय, तो फटींत बसला असणार. नमुना तोच, विश्लेषण तेच. सूत्र कसं लिहिलं यावरून दोष ठरत नाही. तुमची लेखणी स्फटिकातले अणू हलवू शकत नाही, एवढं मनावर कोरून घ्या.

दोष ठरतो घनतेवरून, आणि त्यासाठी दोन वेगळे हिशेब करावे लागतात. या प्रमाणाच्या नमुन्याची कड ४.३०१ अँगस्ट्रॉम मोजलेली आहे. तिचा घन ७९.५६ घन अँगस्ट्रॉम. अॅव्होगॅड्रो संख्येने गुणलं आणि अँगस्ट्रॉमचे सेंटिमीटर केले की एक मोल युनिट सेलचं आकारमान ४७.९१ घन सेंटिमीटर येतं. हा भाजक दोन्ही हिशेबांत तोच राहतो.

पहिला हिशेब: ऑक्सिजनच्या चारही जागा भरलेल्या, लोखंडाच्या काही रिकाम्या. म्हणजे युनिट सेलमध्ये ऑक्सिजन ४, लोखंड ४ गुणिले ०.९४५. वस्तुमान ४ × (०.९४५ × ५५.८५ + १६.००) = २७५.१ ग्रॅम. भागाकार ५.७४२. दुसरा हिशेब: लोखंडाच्या चारही जागा भरलेल्या, जादा ऑक्सिजन फटींत. आता वस्तुमान ४ × (५५.८५ + १६.०० ÷ ०.९४५) = २९१.१ ग्रॅम आणि भागाकार ६.०७६. प्रत्यक्ष मोजलेली घनता ५.७२८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. निकाल समोर आहे: लोखंडाची व्हेकन्सी.

दोन्ही हिशेबांत बदललं ते एकच: कुठली उपजालकं 'पूर्ण भरलेली' धरली. धनायनांच्या सगळ्या जागांना एक उपजालक समजा, ऋणायनांच्या जागांना दुसरं. व्हेकन्सीचा हिशेब करताना जो आयन कमी नाही त्याचं उपजालक चारवर बांधायचं. इंटरस्टिशियलचा हिशेब करताना ज्याचं प्रमाण जास्त नाही त्याचं बांधायचं. युनिट सेलमधली सूत्रसंख्या चार असते हे तोंडपाठ असल्यामुळे अनेक जण सरळ ४ गुणिले ७१.८५ करून ४७.९१ ने भागतात. ५.९९८ येतं, ते ५.७२८ पेक्षा जास्त आहे असं पाहतात आणि 'घनता घटली, व्हेकन्सी' असं उत्तर लिहितात. उत्तर बरोबर, पण नशिबाने. ५.९९८ ही घनता असलेला कुठलाही नमुना अस्तित्वात नाही. अशा शॉर्टकटांबद्दल माझं मत तिखट आहे: जो शॉर्टकट चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर देतो, तो सरळ चुकवणाऱ्यापेक्षा घातक, कारण तो वर्षानुवर्षं पकडला जात नाही.

कडेची लांबीही त्याच नमुन्याची घ्या. पुस्तकातल्या आदर्श FeO ची नको. लोखंड जसं कमी होतं तशी सेल आकसते. प्रमाण ०.९१० झालं की कड ४.२८२ होते.

मग प्रभाराचा ताळा करा, तो करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. १००० ऑक्सिजन म्हणजे २००० ऋण प्रभार. लोखंड ९४५. सगळं Fe²⁺ असतं तर धन प्रभार १८९० झाला असता, ११० कमी. म्हणजे ११० लोखंड Fe³⁺ असलंच पाहिजे, उरलेलं ८३५ Fe²⁺. रिकाम्या जागा ५५. प्रत्येक व्हेकन्सीमागे दोन Fe³⁺, हिशेब जुळला. जुळला नाही तर मागे जा. पुढे रेटू नका.

प्रयोगशाळेत स्वतः घनता मोजणार असाल तर एक सांगून ठेवतो. भट्टीतून काढलेल्या वडीला सूक्ष्म छिद्रं असतात आणि ती व्हेकन्सीचं सोंग घेतात. वडी बारीक कुटून भुकटीची घनता पिक्नोमीटरने, म्हणजे ठरावीक आकारमानाच्या बाटलीने, मोजा. ओळखायचं असं: मोजलेली घनता दोन्ही हिशेबांच्या बरीच खाली गेली, तर तो नवीन दोष नाही, छिद्रं आहेत किंवा भुकटीत अडकलेली हवा आहे. वरच्या उदाहरणात ५.७४२ आणि ५.७२८ मधला फरक पाव टक्का आहे, आणि दोन दोषांमधला फरक जवळजवळ सहा टक्के. म्हणूनच इथे निकाल लागतो.

आणि इथेच या पद्धतीची मर्यादाही आहे, जी कुणी वर्गात सांगत नाही. घनतेला फक्त निव्वळ शिल्लक दिसते. फ्रेंकेल दोषात एक व्हेकन्सी आणि एक इंटरस्टिशियल, शिल्लक शून्य, म्हणून घनता गप्प. वुस्टाइटमध्येही पुढे न्यूट्रॉन विवर्तनाने दिसलं की काही Fe³⁺ आयन आपली जागा सोडून ऑक्सिजनच्या चतुष्फलकीय फटींत बसलेले असतात आणि त्यांच्याभोवती व्हेकन्सींचे घोळके असतात. म्हणजे 'नुसती व्हेकन्सी' हेसुद्धा अर्धंच सत्य. तरी घाबरू नका, घनतेचं उत्तर खोटं ठरत नाही. ५५ हा रिकाम्या वजा फटीतल्या असा निव्वळ आकडा आहे, एवढंच.

आता ॲल्युमिनियमचा आकडा आठवा. केवळ तापमानामुळे तयार होणारे दोष इतके थोडे असतात की मिठाच्या स्फटिकात खोलीच्या तापमानाला शॉट्की दोषाने 'घनता घटते' हे तत्त्वतः खरं असलं तरी कुठल्याही तराजूवर दिसणार नाही. घनता बोलते ती प्रमाणच बिघडलेलं असताना, किंवा मुद्दाम काही मिसळलेलं असताना.

मुद्दाम मिसळणं म्हणजे डोपिंग, आणि इथे नवशिक्यांचा दुसरा गोंधळ सुरू होतो. KCl मध्ये थोडं CaCl2 मिसळलं तर Ca²⁺ हा K⁺ च्या जागी बसतो. एक जादा धन प्रभार आला, तो फेडायला आणखी एक K⁺ बाहेर राहतो आणि त्याची जागा रिकामी पडते. कॅल्शियमचा अणुभार पोटॅशियमपेक्षा थोडा जास्तच आहे, तरी घनता उतरते. प्रभाराची किंमत इथे व्हेकन्सीने मोजली.

सिलिकॉनमध्ये फॉस्फरस घातला तर किंमत इलेक्ट्रॉन मोजतो. 'मिसळला' या शब्दामुळे फॉस्फरस फटीत शिरतो असं वाटतं, पण तो सिलिकॉनच्याच जागी बसतो. चार इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बंधात, पाचवा जवळजवळ मोकळा. व्हेकन्सी तयार होत नाही. आकडे पाहा: घन सेंटिमीटरमध्ये सिलिकॉनचे अणू ५ × १०²². फॉस्फरस १०¹⁶ घातला, म्हणजे पन्नास लाखांत एक. घनतेतला बदल कोटीत एका भागाहूनही कमी, विसरून जा. पण शुद्ध सिलिकॉनमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन खोलीच्या तापमानाला १०¹⁰ च्या घरात असतात, ते दहा लाख पटींनी वाढले. रोधकता काही लाख ओहम-सेंटिमीटरवरून अर्ध्या ओहम-सेंटिमीटरवर येते. म्हणून घनतेचे नियम घेऊन सेमीकंडक्टरचे प्रश्न सोडवायला जाऊ नका. तिथे मोजायचं ते रोधकतेने आणि हॉल परिणामाने.

पण 'गेला कुठे' हा प्रश्न इथेही पाठ सोडत नाही. आयन रोपण करताना फॉस्फरसचे आयन वेगाने सिलिकॉनवर मारले जातात. ते वाटेतले अणू उडवत कुठेतरी थांबतात, बरेचसे धड जागेवर नसतात. त्या वेळी फॉस्फरस मोजला तर संख्या अगदी ठरल्याप्रमाणे भरते, आणि सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, चार टोकांचा प्रोब ठेवला तर रोध मात्र भलताच जास्त येतो. ९०० ते १००० अंश सेल्सिअसला तापवल्यावर अणूंची मोडलेली मांडणी सांधली जाते, फॉस्फरस सिलिकॉनच्या जागांवर बसतो आणि रोध खाली येतो. एकही नवा अणू घातलेला नसतो.

मात्र 'फटीतला अणू डोपिंग करत नाही' असाही नियम पाठ करू नका. लिथियम सिलिकॉनच्या फटीतच राहतो आणि तिथूनच इलेक्ट्रॉन देतो. शिवाय तो इतका चपळ असतो की मध्यम तापमानालाही स्फटिकातून सरकत राहतो, म्हणून नेहमीच्या एन-प्रकारच्या डोपिंगसाठी फॉस्फरस किंवा आर्सेनिकच घेतात.