पहिला शॉर्ट मारायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

परवा शेअरबाजाराच्या ग्रुपवर एकाने विचारलं की उद्या पहिल्यांदा शॉर्ट मारायचाय, तयारी काय करू, आणि खाली सगळ्यांनी एकच लिहिलं, स्टॉपलॉस लाव. स्टॉपलॉस, म्हणजे ठरवलेल्या भावाला तोटा थांबवायची ऑर्डर, लावायचाच, पण माझ्या यादीत तो बराच खाली येतो, म्हणून नीट लिहितोय.

सगळ्यात आधी स्वतःला सांगता आलं पाहिजे की हा व्यवहार नक्की काय आहे. आपल्याकडे नसलेला शेअर आज विकायचा, नंतर स्वस्तात विकत घ्यायचा आणि मधला फरक आपला. क्रम फक्त उलटा, आधी विक्री मग खरेदी. लोकांना हे पाप वाटतं, कंपनी पडावी म्हणून टपून बसलेत म्हणतात, पण विचार करा, ज्याला कंपनीचे हिशेब खोटे वाटतात आणि ज्याच्याकडे तिचा एकही शेअर नाही त्याने आपलं मत बाजारात मांडायचं कसं? अमेरिकेत जिम चॅनोस नावाच्या माणसाने २००० सालच्या शेवटी एन्रॉनचे हिशेब वाचले, पुढे कधीतरी होणारा नफा आजच दाखवतायत हे त्याला खटकलं आणि त्याने शॉर्ट करायला सुरुवात केली. तेव्हा बहुतेक लोक त्या कंपनीचं कौतुकच करत होते. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. शॉर्ट करणारे नसतील तर भावात फक्त खूश असलेल्यांचंच मत राहतं, म्हणून ही सोय हवीच असं मला मनापासून वाटतं. दुसरा उपयोग साधा आहे, हातात शेअर आहेत, विकायचे नाहीत पण पडायची भीती आहे, तर तेवढ्यापुरता फ्युचर, म्हणजे त्या शेअरचा पुढच्या तारखेचा करार, विकून ठेवतात.

मग कुठल्या रस्त्याने जाणार ते ठरवा. आपल्याकडे साध्या माणसाला कॅशमध्ये शॉर्ट फक्त त्याच दिवसापुरता, म्हणजे इंट्राडे, साडेतीनच्या आत परत विकत घेतलंच पाहिजे. दुसऱ्या दिवशीपर्यंत धरायचा असेल तर फ्युचर विकायचा, पण तो ठरलेल्या लॉटमध्येच मिळतो आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाचा तोटा खात्यातून कापला जातो. तिसरा रस्ता एसएलबीचा, एक्सचेंजमार्फत दुसऱ्याचा शेअर भाड्याने घ्यायचा आणि विकायचा. हा २००८ पासून आहे, पण आपल्याला हवा तो शेअर तिथे मिळेलच असं नाही, म्हणून नवीन माणसाने सध्या विसरा. बहुतेक जण इंट्राडेच करणार, तर पुढचं सगळं त्याचंच.

आता यादीतली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, शेअरचं सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव किती वरखाली जाऊ शकतो ती मर्यादा, किती टक्क्यांचं आहे ते आदल्या रात्रीच बघायचं. एक्सचेंजच्या साइटवर प्राइस बँड लिहिलेला असतो. का ते आकड्यात बघा. समजा काल शेअर २०० ला बंद झाला, बँड १० टक्के, म्हणजे आज खाली १८० आणि वर २२०. तुम्ही सकाळी २०४ ला ५०० शेअर शॉर्ट केले, व्यवहार १,०२,००० चा, मार्जिन, म्हणजे ब्रोकर अडकवून ठेवतो ती रक्कम, २० टक्के धरलं तर खात्यातले अडकले २०,४००. आज जास्तीत जास्त मिळणार किती? १८० ला खालचं सर्किट लागलं तर २४ रुपये गुणिले ५०० म्हणजे १२,०००, बस. आता दुपारी एक वाजता कंपनीला मोठी ऑर्डर मिळाल्याची बातमी आली आणि शेअर २२० ला लॉक झाला. स्क्रीनवर तोटा ८,००० च दिसतोय, पण खरेदीवाल्यांची लाखोंची रांग आणि विकणारा एकही नाही, तुम्ही त्या रांगेत सगळ्यात मागे. तुमचा स्टॉपलॉस ट्रिगर होईल आणि तसाच पडून राहील, कारण तो शेवटी एक खरेदीची ऑर्डरच आहे, समोर विकणारा नको का. साडेतीनच्या थोडं आधी ब्रोकर स्वतः परत खरेदी करून शॉर्ट कापायला बघतो, त्यालाही शेअर मिळत नाही.

बाजार बंद झाला की तो इंट्राडे राहत नाही, तुम्ही ५०० शेअर विकलेत आणि ते द्यायचेत, एवढंच उरतं. डिमॅटमध्ये तर नाहीत. मग दुसऱ्या दिवशी एक्सचेंज लिलाव लावून ते दुसऱ्याकडून घेतं, जो भाव लागेल तो तुमच्या माथी. आणि लिलावातही कोणी विकायला आलं नाही तर क्लोज-आउट, म्हणजे मधल्या दिवसांतला सगळ्यात जास्त भाव किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावाच्या २० टक्के वर, यातला जो मोठा तो. दुसऱ्या दिवशी पण सर्किट लागून शेअर २४२ ला बंद झाला तर २० टक्के वर म्हणजे २९०.४०. शेअरमागे तोटा ८६.४०, एकूण ४३,२००, वर दंड वेगळा. १२,००० साठी बसलेल्या माणसाचे मार्जिनच्या दुपटीपेक्षा जास्त गेले, आणि हे दोनच दिवसांत. माझ्या एका मित्राचं असंच झालं, रक्कम वेगळी पण रस्ता हाच, आणि लिलाव ही गोष्ट असते हेच त्याला ब्रोकरचा मेसेज आल्यावर कळलं.

त्यामुळे छोट्या, कमी व्हॉल्यूमच्या शेअरला हात लावायचा नाही. ज्यांच्यावर फ्युचर आहे असेच शेअर घ्यायचे, त्यांना पक्कं सर्किट नसतं, मर्यादा सरकत जाते, म्हणून तोट्यात का होईना बाहेर पडायला मिळतं. पण हाच बँड सरकतो म्हणजे भाव वर जायला मोकळा, हेही लक्षात असू द्या.

तोट्याला छत नाही असं म्हणतात ते का, हे एकदा वहीत लिहून काढा. विकत घेतलेला शेअर शून्याखाली जात नाही, २०० चा घेतला तर २००च जातात. शॉर्टमध्ये उलटं, २०० च्या वर मिळणार नाही आणि वरती भाव कुठे थांबेल याला नियम नाही. शिवाय शेअर पडत गेला तर घेणाऱ्याची रक्कम लहान होत जाते, शॉर्टवाल्याची चुकत गेली की मोठी होत जाते, मार्जिन वाढवून मागतात, नाही दिलं तर जबरदस्तीने खरेदी, आणि त्या खरेदीनेच भाव अजून वर. जर्मनीत ऑक्टोबर २००८ मध्ये फोक्सवॅगनचं हेच झालं. पोर्शने एका रविवारी जाहीर केलं की शेअर आणि ऑप्शन मिळून ७४ टक्के आमच्या हातात आहेत, २० टक्के तिथल्या राज्य सरकारकडे होतेच, म्हणजे बाजारात फिरायला जेमतेम ६ टक्के उरले आणि शॉर्ट केलेले त्याच्या साधारण दुप्पट. सगळ्यांनाच परत घ्यायचे होते, तेवढे शेअरच नव्हते. शुक्रवारी २१० युरोच्या आसपास असलेला भाव मंगळवारी १,००० च्या वर गेला. २१० ला शॉर्ट करणाऱ्याला कंपनी बुडाली असती तरी २१०च मिळाले असते, त्या दिवशी गेले जवळपास ८००. कंपनीबद्दलचं त्यांचं मत चूक होतं असंही नाही, जगभर मंदी होती, गाड्यांचा धंदा बसलेला होता. बाहेर पडायला दरवाजा किती मोठा आहे ते कोणी मोजलं नव्हतं.

म्हणून क्वांटिटी ठरवताना स्टॉपलॉसवरून ठरवू नका, शेअर एका झटक्यात २० टक्के वर उघडला तर किती जातील त्यावरून ठरवा, तेवढे झेपत नसतील तर शेअर कमी करा. निकालाच्या दिवशी, बोर्ड मीटिंग असेल त्या दिवशी शॉर्ट नको. स्टॉपलॉस खरेदीचा लावायचा, विक्रीचा नाही, घाईत ही चूक खूप जण करतात आणि शॉर्ट दुप्पट होतो.

तीन वाजले की ब्रोकरची वाट न बघता स्वतः कव्हर करा, म्हणजे शेअर परत विकत घ्या. मग पोझिशनमध्ये क्वांटिटी शून्य दिसतेय ना बघा आणि लगेच ऑर्डर बुक उघडून पडून राहिलेला स्टॉपलॉस कॅन्सल करा, कारण शॉर्ट कापल्यावर तो ट्रिगर झाला तर नकोसे ५०० शेअर उगाच खरेदी होतात.