केस रिपोर्ट थाईत नेताना रुग्णालयाचेच शब्द कसे राखावेत

रुग्णाची संमती घेतली आहे आणि ओळख पुसली आहे, असे धरून पुढे जाते.

शब्द कोशातून उचलू नका. थायलंडमधले डॉक्टर आपल्या नोंदी बहुतांशी इंग्रजीतच लिहितात, त्यामुळे त्यांच्या कागदांवरून थाई शब्द कळत नाहीत. ते मिळतात नर्सिंगच्या नोंदींत, संमतिपत्रात आणि त्याच विभागाच्या जुन्या थाई रिपोर्टांत. हे तिन्ही मागून घ्या आणि त्यावरून शब्दसूची करा.

मराठी माणसाला इथे संस्कृताचा मोह पडतो. विभागांची नावे तशी आहेतच. शस्त्रक्रिया विभाग म्हणजे ‘सन्लयकम’, आपले शल्यकर्म. पण अवयव साध्या थाईत राहतात: यकृत ‘तप’, प्लीहा ‘माम’. डिस्चार्जला रुग्णालयात ‘चाम्नाय’ म्हणतात. बाजारात हाच शब्द विक्रीसाठी चालतो, तरी रिपोर्टात तोच ठेवा.

खरी अडचण येते ती सेप्सिसला. वॉर्डात सर्रास ‘तित छ्युआ नाय क्रासे ल्युआत’ म्हणतात, म्हणजे रक्तप्रवाहातला संसर्ग. नातेवाइकांना समजावायला ते ठीक आहे. पण २०१६च्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे. त्यासाठी रक्तात जंतू सापडायलाच हवेत असे नाही.

ईशान्य थायलंडमधल्या मेलिऑइडोसिसचे, म्हणजे माती-पाण्यातल्या जंतूपासून होणाऱ्या संसर्गाचे, उदाहरण घ्या. भातशेती करणारा मधुमेही शेतकरी ताप आणि घसरलेला रक्तदाब घेऊन येतो. रक्ताचे कल्चर निगेटिव्ह येते, जंतू उगवतो तो यकृतातल्या गळवाच्या पुवातून. अशा रिपोर्टात वॉर्डातला शब्द घातला, तर निदानाच्या ओळीत रक्तात संसर्ग आणि तपासण्यांच्या तक्त्यात कल्चर निगेटिव्ह असे दिसते. परीक्षक तिथेच अडतो आणि दोष मूळ डॉक्टरांच्या माथी येतो.

म्हणून सेप्सिसला ‘फावा फित हेत तित छ्युआ’ हा पारिभाषिक शब्द वापरा आणि पहिल्या वेळी शेजारी इंग्रजी संज्ञा द्या. वॉर्डातला शब्द फक्त रक्ताचे कल्चर पॉझिटिव्ह असेल तिथेच येऊ द्या. स्थानिक वापर पाळायचा म्हणजे ऐकलेला प्रत्येक शब्द उतरवायचा, हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. वापर जिथे दोन वेगळ्या निदानांना एकत्र करतो, तिथे तो सोडायचा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तसे लेखी मान्य करून घ्यायचे.

औषधांची नावे आणि मात्रा मुळाशी ताडून पाहा.

शेवटी शब्द शोधून एकसारखे करताना ‘सगळे बदला’ हे बटण दाबू नका. थाईत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ‘तप’ शोधलात की ‘तप ऑन’ही सापडते आणि ते स्वादुपिंड आहे. प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहूनच बदल करा.