सिकलसेलच्या पेशंटचं डिस्चार्ज कार्ड: नव्या इंटर्नसाठी

नागपूरला मेडिसिनच्या वॉर्डात इंटर्नशिप सुरू झाली की पहिल्या आठवड्यातच डिस्चार्ज कार्डांचा गठ्ठा तुमच्या हातात येतो. सीनियर सांगतात, "जुनं कार्ड बघ आणि तसंच लिही." तुम्ही बघता आणि तसंच लिहिता, आणि सगळी आद्याक्षरांची भाषा दोन दिवसांत अंगवळणी पडते. मला या भाषेत लिहिताना आणि इतरांनी तिच्यात लिहिलेलं वाचताना बरीच वर्षं झाली. नव्यांना मी एकच गोष्ट नीट शिकवायचा प्रयत्न करतो: केसशीट आपल्यासाठी असते, कार्ड आपल्यासाठी नसतं.

आपल्याकडे पेशंट कुठून येतात ते बघा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, शिवाय छिंदवाडा आणि बालाघाट. सुट्टी झाली की ते परत जातात, आणि पुढच्या वेळी रात्री दोनला छातीत दुखायला लागलं तर पहिल्यांदा गाठतात ते जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरसमोर तुमची केसशीट नसते. तुम्हाला फोन लावायला त्यांच्याकडे नंबरही नसतो. प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघालेलं घडीचं कार्ड तेवढं असतं.

एक उदाहरण घेऊ. पेशंट काल्पनिक आहे, पण ओळी रोज दिसणाऱ्या आहेत. वय 22, वजन 45 किलो, राहणार कुरखेडा तालुका. कार्डावर असं लिहिलेलं आहे:

"के/सी/ओ एससीडी (एसएस), अ‍ॅडमिटेड विथ व्हीओसी + एसीएस. एच/ओ बीटी. आर/ओ टीबी. आरएक्स सीटीएक्स, एझी, ओ2, 1 पीआरबीसी. इम्प्रूव्ड. एचयू 500 ओडी, एफए 5 ओडी. सीबीसी 2 आठ. एचयू होल्ड इफ लो."

आपल्या वॉर्डातल्या कुणालाही हे दहा सेकंदांत कळेल. आता हेच कार्ड बाहेरच्या डॉक्टरच्या डोळ्यांनी वाचा.

सुरुवात "एसीएस"पासून करू. सिकलसेलमध्ये एसीएस म्हणजे अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम: ताप, खोकला किंवा दम आणि एक्स-रेमध्ये फुफ्फुसात नवीन डाग. उपचार म्हणजे ऑक्सिजन, अँटिबायोटिक, गरजेप्रमाणे रक्त. पण कॅज्युअल्टीत बसणाऱ्या कुठल्याही डॉक्टरच्या डोक्यात एसीएस म्हटलं की पहिल्यांदा येतो अ‍ॅक्यूट कोरोनरी सिंड्रोम, म्हणजे हार्ट अटॅकच्या घराण्यातला आजार. छातीत दुखणारा माणूस समोर आहे आणि जुन्या कार्डावर एसीएस लिहिलंय, तर त्यांचं लक्ष ईसीजी आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांकडे जाणार. ईसीजी काढला तर बिघडत नाही. बिघडतं ते ऑक्सिजनची पातळी आणि एक्स-रे मागे पडल्याने, कारण या मुलाला आधी एकदा छातीचा हा त्रास होऊन गेलाय, तो पुन्हा होऊ शकतो आणि झपाट्याने वाढू शकतो.

तुम्ही म्हणाल, शेजारी "एससीडी" लिहिलंय की, त्यावरून कळेल. मुद्दा नेमका इथेच आहे. एखादं लघुरूप वाचताना आपण त्याचा अर्थ आजूबाजूच्या शब्दांवरून लावतो. "सिकलसेलच्या पेशंटला एसीएस" असं लिहिलं असतं, तर "सिकलसेल" या एका पूर्ण शब्दाने एसीएसचा अर्थ पक्का केला असता. पण शेजारचा शब्दही लघुरूपच असला की आधाराला काही उरत नाही. एससीडी म्हणजे सडन कार्डियाक डेथ असंही कार्डिओलॉजीत लिहितात. मग एससीडी आणि एसीएस ही दोन लघुरूपं मिळून वाचणाऱ्याला हृदयाकडेच ढकलतात. एकटं लघुरूप बहुधा निभावून जातं. तीन-चार एकाला एक खेटून आली की प्रत्येक जण दुसऱ्याचा अर्थ सैल करतो. म्हणून मी इंटर्नना सांगतो की सगळी लघुरूपं काढायला वेळ नसेल, तर निदान रोगाचं नाव तरी पूर्ण लिहा. तेवढ्याने बाकीची निम्मी सावरतात.

औषधांच्या नावांना मात्र ही सवलत नाही. "सीटीएक्स" कुणी सेफ्ट्रायक्झोनसाठी लिहितं, कुणी सेफोटॅक्झिमसाठी, आणि कॅन्सरच्या वॉर्डात त्याचा अर्थ सायक्लोफॉस्फामाइड होतो. औषधाचं नाव पूर्ण लिहायचं, त्यात तडजोड नाही. "बीटी" तसंच: ब्लड ट्रान्सफ्यूजन की ब्लीडिंग टाइम? आणि ट्रान्सफ्यूजन असेल तर आयुष्यात कधीतरी झालेलं की याच खेपेला? सिकलसेलच्या पेशंटला किती वेळा रक्त चढलंय हे पुढच्या क्रॉसमॅचच्या वेळी कामाला येतं, म्हणून ते आकड्यात लिहायला हवं.

दुसरी ओळ "आर/ओ टीबी". मला हे कार्डावरचं सगळ्यात घातक लघुरूप वाटतं, कारण त्याचे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहेत. लिहिणाऱ्याच्या मनात असतं, "टीबी आहे का ते बघायचंय." वाचणारा समजतो, "टीबी नाही हे बघून झालंय." एकाला थुंकीची तपासणी करायची आहे, दुसऱ्याने ती यादीतून कायमची काढून टाकली. आणि चूक झाली तरी कुणाला पत्ता लागत नाही, कारण दोघांनाही आपल्याला बरोबर कळलंय असंच वाटतं. इथे लघुरूप उलगडून "रूल आउट" लिहिल्यानेही काम भागत नाही. क्रियापद आणि काळ लागतो. तपासणी झाली, पाठवली, की करायची आहे?

शेवटची ओळ "एचयू होल्ड इफ लो". इथे अडचण एचयूची नाही. एचयू म्हणजे हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवर काम करणाऱ्या बहुतेकांना कळतं. अडचण आहे गळलेल्या शब्दांची. कमी झालं तर औषध थांबवा, पण काय कमी झालं तर? लिहिणाऱ्याला म्हणायचंय पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट, कारण हे औषध अस्थिमज्जेवर दाब आणतं. पण सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की नजर पहिल्यांदा हिमोग्लोबिनवर जाते. एसएस पेशंटचं हिमोग्लोबिन एरवीच 7-8 च्या आसपास असतं. बाहेरचा डॉक्टर 7.8 बघतो, "लो" आहेच, औषध बंद करतो. म्हणजे वेदनेचे झटके आणि छातीचा तोच त्रास कमी करणारं औषध, आपल्याच कार्डावर विसंबून, कारण नसताना थांबलं. मग दोन-तीन महिन्यांनी पेशंट पुन्हा दुखणं घेऊन येतो आणि आपण कार्डावर लिहितो, "औषधं नियमित घेतली नाहीत."

तारेची भाषा असली की हेच होतं. कर्ता जातो, कर्म जातं, काळ जातो, आणि लिहिणाऱ्याला ते गेल्याचं जाणवत नाही, कारण त्याच्या डोक्यात ते शाबूत असतं.

हेच कार्ड मी असं लिहीन:

"सिकलसेल आजार, एसएस पॅटर्न. नेहमीचं हिमोग्लोबिन 8 च्या आसपास. या वेळी हातापायांच्या तीव्र वेदना आणि त्यानंतर अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम झाल्याने भरती. सेफ्ट्रायक्झोन, अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि ऑक्सिजन दिला. एक पिशवी रक्त चढवलं. याआधी आयुष्यात दोनदा चढवलेलं आहे. क्षयरोगाच्या शंकेने थुंकीची सीबीनॅट तपासणी पाठवली आहे, रिपोर्ट यायचा आहे, क्षयरोगाची औषधं सुरू केलेली नाहीत.

हायड्रॉक्सियुरिया 500 मिग्रॅ रोज एकदा, या भरतीत नव्याने सुरू. फॉलिक अ‍ॅसिड 5 मिग्रॅ रोज एकदा. दोन आठवड्यांनी सीबीसी करावी. न्यूट्रोफिल 2000 च्या खाली किंवा प्लेटलेट 80,000 च्या खाली गेल्या तर हायड्रॉक्सियुरिया थांबवून आठवड्याने सीबीसी पुन्हा करावी आणि आमच्या ओपीडीला पाठवावं. हिमोग्लोबिन 7-8 आहे एवढ्या कारणाने हे औषध थांबवू नये. ताप, दम किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर ऑक्सिजनची पातळी आणि छातीचा एक्स-रे लगेच बघावा."

औषध थांबवण्याचे आकडे तुमच्या युनिटमध्ये थोडे वेगळे असतील तर तेच घाला, पण आकडा घाला. कार्ड आधीपेक्षा बरंच लांबलं, हे खरं आहे. पण नीट बघा: नुसतं लघुरूप सोडवल्याने ते फारसं वाढलेलं नाही. वाढलं ते आधी लिहिलीच नव्हती अशी माहिती आल्याने. नेहमीचं हिमोग्लोबिन, रक्ताच्या पिशव्या, रिपोर्टची स्थिती, आकडा. लघुरूपांच्या दाटीत ही माहिती नाही हे आपल्याला दिसतच नव्हतं. पूर्ण वाक्य लिहायला बसलं की मोकळी जागा आपोआप टोचते.

सीबीसी, ईसीजी, एचआयव्ही, बीपी तशीच ठेवा. त्यांचा दुसरा अर्थ कुणी लावत नाही आणि ती उलगडली तर उलट वाचणारा अडखळतो. ड्युटी बदलताना आपसात लिहितो त्या नोट्सही आखूड चालतील, कारण शंका आली तर लिहिणारा चार पावलांवर असतो. डोसच्या बाबतीत मात्र तिथेही शिस्त हवी. इन्सुलिनच्या आकड्यापुढे नुसतं इंग्रजी यू काढलं की घाईच्या अक्षरात ते शून्यासारखं दिसतं आणि 4 चे 40 होतात, म्हणून "युनिट" लिहायचं. 5 मिग्रॅ हे 5.0 असं लिहायचं नाही, कारण टिंब पुसट झालं की 50 वाचलं जातं. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने 2004 मध्ये न वापरायच्या लघुरूपांची जी छोटी यादी काढली, तिच्यात या दोन्ही गोष्टी आहेत.

कार्ड तपासायची माझी पद्धत साधी आहे. सही करण्याआधी ते दुसऱ्या विभागाच्या इंटर्नला, शक्यतो ऑर्थो किंवा स्किनच्या, मोठ्याने वाचायला द्यायचं आणि प्रत्येक ओळ पूर्ण वाक्यात बोलायला सांगायचं. "कार्ड समजलं का?" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, म्हणून ते विचारायचं नाही. ऐकायचं. जिथे तो थांबतो ती जागा दुरुस्त करायची. जिथे तो न थांबता चुकीचं बोलतो ती आधी दुरुस्त करायची.

वेळेचं म्हणाल तर सुट्टीच्या दिवशी सकाळी राउंडनंतर पंधरा कार्डं एकदम लिहायला बसू नका, तिथेच सगळं आखडतं. पेशंट उद्या जाणार असं ठरलं की आदल्या संध्याकाळी आजाराचा आणि उपचारांचा भाग लिहून ठेवायचा, सकाळी फक्त औषधं आणि पुढची तारीख भरायची. आणि औषधांच्या ओळीखाली नातेवाइकांसाठी मराठीत सकाळी, दुपारी, रात्री असं लिहायचं. छिंदवाडा-बालाघाटच्या पेशंटला हिंदीत. ओडी, टीडीएस, एचएस ही अक्षरं घरी कुणी वाचू शकत नाही.