कडधान्य शिजवताना मीठ कधी, सोडा किती?

“मीठ आधी घालू नका, कडधान्य शिजत नाही” आणि “चिमूटभर सोडा टाका, लोण्यासारखं शिजेल” हे दोन सल्ले प्रत्येक घरात मिळतात. पहिला चुकीचा आहे. दुसरा अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे छोल्यांचा गाळ होतो. इथे मी काबुली चणे धरून सांगते, कारण सोड्याचा सर्वांत जास्त मारा त्यांच्यावरच होतो. साधे हरभरे आणि पांढरे वाटाणे यांनाही हेच लागू आहे. मोड आलेल्या कडधान्याला मात्र सोड्याची काही गरज नसते.

भिजवणे

एक वाटी चणे निवडून, धुऊन लिटरभर पाण्यात भिजत घाला. त्या पाण्यात दोन छोटे चमचे मीठ ढवळा. हो, भिजवतानाच. दाण्याचं साल ताठ राहतं ते त्यातल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने घट्ट बांधून ठेवल्यामुळे. मिठातलं सोडियम हळूहळू त्यांची जागा घेतं आणि ती बांधणी सैल होते. म्हणून मिठात भिजलेल्या चण्याचं साल मऊ होतं, दाणाही सहसा फुटत नाही. साध्या पाण्यात भिजलेला चणा शिजताना आतून फुगतो, साल मात्र ताठच राहतं, आणि मग सालं सुटून रश्शात तरंगतात.

रात्रभर, म्हणजे आठ ते दहा तास, पुरे. उन्हाळ्यात त्याहून जास्त ठेवलं तर पाणी आंबूस होतं.

सकाळी दोन-तीन दाणे सुरीने मधोमध कापून बघा. आतला भाग सगळीकडे सारखा पिवळसर हवा. मधे पांढरा, कोरडा ठिपका दिसला तर अजून दोन तास थांबा. फुगलेल्या दाण्यांमध्ये काही बारके, सुरकुतलेले, दगडासारखे राहतात, तेच गणंग. त्यांच्यात पाणीच शिरलेलं नसतं. ते आत्ताच वेचून टाका, नाहीतर जेवताना दाताखाली येतील.

भिजवलेलं पाणी फेकून द्या. पोटात वारा धरणाऱ्या शर्करा आणि थोडं फायटिक आम्ल त्यात उतरलेलं असतं, जास्तीचं मीठही त्याच्याबरोबर जातं. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ मोजून खावं लागतं त्यांनी मिठाशिवाय भिजवावं, कारण थोडं सोडियम दाण्यात राहतंच.

सोडा: घालायचा की नाही

आधी ठरवा की गरज आहे का. गरज दोनच ठिकाणी असते: पाणी जड असेल किंवा चणे जुने असतील.

बोअरचं पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही आणि ज्याने पातेल्याला पांढरी खपली धरते, त्यात कॅल्शियम भरपूर असतं. मिठाने सालीची जी बांधणी सैल केली ती असं पाणी पुन्हा आवळतं. “आमच्याकडे डाळ शिजतच नाही” अशी तक्रार असेल तर डाळीला दोष देण्याआधी पाणी बघा. पिण्याचं आरओ फिल्टरचं पाणी घेऊन एकदा शिजवा, बऱ्याच घरांत तेवढ्यानेच काम होतं. चणे जुने, विशेषतः दमट आणि उष्ण जागी वर्षभर पडलेले असतील, तर दाण्यातलंच मॅग्नेशियम आणि कॅल्शियम पेक्टिनला चिकटून बसलेलं असतं. असा चणा फुगतो, पण तासभर उकळला तरी मधे कडकच राहतो.

या दोन्ही वेळी सोडा खरंच काम करतो. त्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि अशा पाण्यात पेक्टिन तुटून विरघळायला लागतं. पण ते कुठे थांबायचं हे सोड्याला कळत नाही. आधी साल जातं, मग आतला गर पिठूळ होतो, आणि वर साबणासारखी चव येते.

सोडा पेरताना हात सैल सोडणं हीच खरी चूक. “चिमूट” म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये मावेल तेवढाच, एक वाटी कोरड्या चण्यांना छोट्या चमच्याचा आठवा भाग. पाव चमचाही जास्त होतो. मी तो कुकरमध्ये न घालता भिजवण्याच्या पाण्यात घालते आणि सकाळी चणे दोनदा धुते. तसं केलं की बराचसा सोडा निघून जातो आणि सालीवरचं काम झालेलं असतं. पाणी जडही आहे आणि चणेही जुने आहेत, अशाच वेळी शिजवताना आणखी अर्धी चिमूट टाकते.

यामागे जीवनसत्त्वाचं कारण आहे. कडधान्य हा ब-१ म्हणजे थायमिनचा चांगला स्रोत आहे आणि ते जीवनसत्त्व अल्कधर्मी पाण्यात, त्यातही उष्णतेत, लवकर नष्ट होतं. प्रथिनांना चिमूटभर सोड्याने फारसा फरक पडत नाही, लोह उडून जात नाही. पण ज्या घरात रोजच्या उसळीत सवयीने सोडा पडतो, तिथे नुकसान ब-१ चं होतं. सोड्यात सोडियमही असतं, तेव्हा मीठ तेवढं कमी करा.

सोडा जास्त झाला का हे ओळखायला हळद पुरते. शिजवतानाच्या पाण्यात चिमूटभर हळद टाका. पाणी पिवळं राहिलं तर ठीक. लालसर, विटकरी झालं तर सोडा जास्त आहे: ते पाणी ओता, चणे धुवा, नवं पाणी घ्या. नंतर चिंचेचा कोळ घालताना रश्शाला फसफसून फेस आला, तर तेही सोड्याचंच लक्षण.

शिजवणे

कुकर निम्म्याहून जास्त भरू नका. चणे फेसाळतात, सोडा घातला असेल तर आणखी, आणि सुटलेलं साल शिट्टीच्या नळीत अडकू शकतं. चण्यांच्या वर दोन बोटं पाणी, अर्धा चमचा मीठ, थोडं तेल. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग मंद आचेवर वीस मिनिटं. भिजवताना सोडा असेल तर दहा-बारा मिनिटांनीच बंद करा. वाफ आपोआप जाऊ द्या.

दाणा अंगठा आणि बोटात दाबा. साल न सुटता तो सहज बोटचेपा झाला पाहिजे. कडक असेल तर पाच मिनिटं अजून, पण सोडा आणखी टाकू नका.

शिजवलेलं पाणी मात्र टाकायचं नाही, पाण्यात विरघळलेली ब-जीवनसत्त्वं त्यात असतात. रश्शाला तेच वापरा.

आंबट शेवटी

टोमॅटो, चिंच, आमसूल चणे पूर्ण मऊ झाल्यावरच घाला. आंबटाने पेक्टिन टिकून राहतं, त्यामुळे अर्धवट शिजलेला चणा आंबट रश्शात कितीही उकळला तरी तसाच राहतो. कुकरमध्ये चण्यांबरोबर टोमॅटो टाकण्याची सवय असेल तर ती आधी सोडा. आंबट काढल्यावर सोड्याची गरज लागते का, ते मग बघा.

छोल्यांऐवजी हमस करायचं असेल तर उलट चालतं. तिथे दाण्याचा गाळच हवा असतो, साल राहिलं तर ते वाटताना दाणेदार लागतं. तेवढ्यापुरता शिजवतानाही सोडा घाला, चिमूट मोजूनच.