फी-परिपत्रकाचा फोटो आणि एक ओळ: मुख्याध्यापकांना अर्ज लिहिण्यापूर्वीची तयारी

शाळेच्या फी-परिपत्रकाचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि त्याखाली ‘फीचं जरा अवघड आहे, मुख्याध्यापकांना अर्ज लिहून द्या’ एवढी एकच ओळ, अशा साहित्यावरून कोणा पालकासाठी अर्ज लिहून देण्याची वेळ आली, तर सर्वांत आधी परिपत्रकाची मागची बाजू मागवावी. पालक फोटो काढतात तो रकमांच्या तक्त्याचा, कारण त्यांची काळजी त्या तक्त्यात असते. अर्जाला आधार देणारी वाक्ये मात्र बहुधा तक्त्याखाली किंवा पाठीमागे छापलेली असतात: हप्त्यांची सोय आहे की नाही, विलंब शुल्क कधीपासून लागते, सवलतीचा अर्ज कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, त्यासाठी शाळेचा ठरलेला नमुना आहे का. मागच्या वेळी माझ्याकडून हेच राहिले आणि शाळेने जी सोय आधीच देऊ केली होती तीच मागणारा अर्ज तयार झाला. म्हणून कागद कोरा असेल असे वाटत असले, तरी मागच्या बाजूचा फोटो मागवावाच.

आलेला फोटो अपुरा आहे हे ओळखायला फार वेळ लागत नाही. परिपत्रकाच्या शेवटी सही, पदनाम आणि शिक्का असतो. तो दिसत नसेल तर कागद तेथे संपलेला नाही. सूचनांना क्रमांक असतील तर शेवटची सूचना पूर्णविरामाने संपते का आणि मधला एखादा क्रमांक गळलेला नाही ना, हे पाहावे. वरच्या कडेला जावक क्रमांक आणि दिनांक असतो. तो कापला गेला असेल तर अर्जातील ‘संदर्भ’ ही ओळ लिहिताच येणार नाही, आणि एकाच वर्षात फीची दोन परिपत्रके निघाली असतील तर अर्ज कोणत्या परिपत्रकाबद्दल आहे हे कार्यालयाला कळणार नाही. फोटो पुन्हा काढायला सांगताना ‘नीट काढा’ असे मोघम सांगू नये. कागद सपाट ठेवून चारही कडा दिसतील असा पुढचा एक फोटो आणि तसाच मागचा एक, असे स्पष्ट सांगावे. ‘मागे काही नाही’ असे उत्तर आले तरी कोऱ्या बाजूचाही फोटो मागवावा, कारण पुष्कळदा ते उत्तर कागद न उलटताच दिलेले असते.

परिपत्रक कोणत्या इयत्तेसाठी, कोणत्या वर्षासाठी आणि कोणत्या सत्रासाठी आहे, हे नजरेखालून घालावे. त्यानंतर रकमांकडे वळावे. फोटोत देवनागरी १ आणि ९ यांची गल्लत सहज होते, म्हणून दिसला तो आकडा उतरवून न घेता बेरीज करून पाहावी. समजा, तक्त्यात शिक्षण शुल्क १८,६००, सत्र शुल्क ३,९००, संगणक शुल्क २,४०० आणि ग्रंथालय व प्रयोगशाळा शुल्क १,५०० रुपये असे दिसते आणि खाली एकूण २५,६०० रुपये छापले आहेत. बेरीज २६,४०० येते, म्हणजे ८०० रुपये जास्त. शतकाच्या जागी १ ऐवजी ९ वाचला गेला की नेमका आठशेचा फरक पडतो. तेव्हा सत्र शुल्क ३,१०० असावे हे उघड होते, आणि फोटो मोठा करून त्या एका आकड्याची खात्री करून घेता येते. एकूण रक्कम अक्षरीही दिलेली असेल तर ती आधी वाचावी, कारण पुसट फोटोतही अक्षरे आकड्यांपेक्षा अधिक विश्वासाने वाचता येतात. एवढे करूनही बेरीज जुळली नाही तर चूक परिपत्रकातच असू शकते. ती अर्जात आपल्या मनाने दुरुस्त करू नये, पालकांना कार्यालयात विचारायला सांगावे.

आता ती एक ओळ. ‘फीचं जरा अवघड आहे’ या वाक्यातून निदान चार वेगळ्या मागण्या निघतात. फी पूर्ण भरता येईल पण मुदतीनंतर, अशी स्थिती असेल तर ती मुदतवाढीची मागणी आहे. थोडी थोडी भरता येणार असेल तर हप्त्यांची आहे. इतकी भरताच येणार नसेल तर सवलतीची आहे. वाढलेली फीच पटलेली नसेल तर ती हरकत किंवा खुलाशाची मागणी आहे. या चारही अर्जांचे शब्द निराळे असतात, सोबतचे कागद निराळे असतात आणि पुष्कळदा निर्णय घेणारेही निराळे असतात. काही दिवसांची मुदत मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात देऊ शकतील, पण रक्कम कमी करण्याचा प्रश्न शाळेच्या व्यवस्थापनाकडे जाण्याची शक्यता अधिक असते. चारही गोष्टी एका अर्जात कोंबल्या तर वाचणाऱ्याला त्यांतील एकही मंजूर करता येत नाही. सवलत आणि हरकत या दोन्हींची सरमिसळ तर कधीच करू नये, कारण एका परिच्छेदात विनंती आणि दुसऱ्यात तक्रार असली की विनंती मागे पडते.

म्हणून पालकांना थोडेच, पण नेमके प्रश्न विचारावेत. आज किती रक्कम भरता येईल? उरलेली कोणत्या तारखांना भरता येईल? अडचण कशामुळे आली आणि त्याबद्दल अर्जात किती लिहिलेले चालेल? शाळेत पालक म्हणून कोणाचे नाव नोंदलेले आहे? यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले नाही तर कारण आपण रचू नये. आजारपण किंवा नोकरी गेल्याचे लिहिले की अर्ज वजनदार होतो असे वाटते, परंतु त्या मजकुराखाली सही पालकांची असते आणि मुख्याध्यापकांनी समोर बसवून विचारले की उत्तर त्यांनाच द्यावे लागते. ‘सध्याच्या आर्थिक अडचणीमुळे’ एवढे लिहिले तरी पुरते. भरण्याच्या तारखा आणि रकमा मात्र मोघम चालत नाहीत. ‘लवकरच भरू’ या शब्दांवर कार्यालयाला कोणतीही नोंद करता येत नाही.

आणि पुन्हा तेच: मागची बाजू आली का? आली नसेल तर येथेच थांबावे.

वरच्याच उदाहरणात मागच्या बाजूने अर्ज कसा बदलतो ते पाहावे. पालक सांगतात की १५ जूनपर्यंत १०,६०० रुपये भरता येतील आणि उरलेले १५,००० रुपये जुलै आणि ऑगस्टमध्ये निम्मे निम्मे भरता येतील. फक्त पुढची बाजू हाती असती तर ‘हप्त्यांची सवलत मिळावी’ असा अर्ज लिहून काम झाले असे वाटले असते. मागे मात्र छापलेले निघते की शुल्क दोन हप्त्यांत भरता येईल, दुसरा हप्ता १० जुलैपर्यंत द्यावा, त्यासाठी शाळेच्या नमुन्यातील हमीपत्र ५ जूनपर्यंत कार्यालयात द्यावे आणि मुदतीनंतर दररोज २० रुपये विलंब शुल्क लागेल. आता खरी मागणी पुष्कळ लहान झाली: हप्ते आहेतच, त्यांत आणखी एक हवा आहे. पुढच्या बाजूवर कोठेही नसलेली एक मागणी नव्याने जोडावी लागते, ती विलंब शुल्काची. तिसऱ्या हप्त्याला परवानगी मिळाली आणि विलंब शुल्काबद्दल काही लिहिलेच नसेल, तर १० जुलैनंतरच्या, १० ऑगस्टपर्यंतच्या ३१ दिवसांचे ६२० रुपये कार्यालय नियमाने मागेल आणि त्यात त्यांचे काही चुकणार नाही. शिवाय अर्जाची खरी मुदत १५ जून नसून ५ जून आहे, हेही मागच्या बाजूवरच कळते.

तेव्हा मजकूर असा होतो. विषय: ‘वार्षिक शुल्क तीन हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळण्याबाबत.’ संदर्भ: ‘आपले परिपत्रक, जावक क्रमांक ____, दिनांक ____, सूचना क्रमांक ____.’ पुढे: ‘माझा मुलगा/मुलगी ____ आपल्या शाळेत इयत्ता ____, तुकडी ____ मध्ये शिकत आहे. संदर्भीय परिपत्रकानुसार एकूण शुल्क २५,६०० रुपये असून ते दोन हप्त्यांत भरण्याची सोय शाळेने दिली आहे, त्याबद्दल आभारी आहे. सध्याच्या आर्थिक अडचणीमुळे दुसऱ्या हप्त्याची पूर्ण रक्कम १० जुलैपर्यंत भरणे मला शक्य होणार नाही. तरी १५ जूनपर्यंत १०,६०० रुपये, १० जुलैपर्यंत ७,५०० रुपये आणि १० ऑगस्टपर्यंत ७,५०० रुपये असे तीन हप्ते करून मिळावेत आणि या तारखांना रक्कम भरल्यास विलंब शुल्क आकारू नये, ही विनंती. विहित नमुन्यातील हमीपत्र सोबत जोडले आहे.’ यापेक्षा लांब अर्जाची गरज नाही. मुलाच्या हुशारीचे वर्णन, शाळेची स्तुती आणि ‘आपण दयाळू आहात’ अशी वाक्ये गाळावीत, कारण त्यांच्या गर्दीत तारखा हरवतात. जे माहीत नाही तेथे रेघ सोडावी आणि ती पालकांना भरायला सांगावी. मुलाचे नाव तर शाळेच्या दप्तरात जसे आहे तसेच हवे, म्हणून अंदाजाने लिहू नये.

‘प्रति’मध्ये मुख्याध्यापक की मुख्याध्यापिका की प्राचार्य, हे परिपत्रकाखालच्या सहीवरून घ्यावे आणि ‘महोदय’ किंवा ‘महोदया’ त्याप्रमाणे लिहावे. सही संस्थेच्या सचिवांची असेल तर अर्ज त्यांच्या नावे, मुख्याध्यापकांच्या मार्फत करावा. ही सहीसुद्धा अनेकदा मागच्याच बाजूवर असते.

राहिले ते थोडक्यात. दिनांक, पत्ता, संपर्क क्रमांक आणि नोंदलेल्या पालकांची सही. सोबत जोडलेल्या कागदांची नावे खाली लिहावीत. प्रती दोन काढाव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्यावी. परवानगी तोंडी मिळाली तर अर्जावर तसा शेरा लिहून देण्याची विनंती करावी, कारण ऑगस्टमध्ये पैसे घेणाऱ्या लिपिकाला जूनमधले बोलणे माहीत असेलच असे नाही. छापण्यापूर्वी पूर्ण मजकूर पालकांना वाचून दाखवावा, रकमा आणि तारखा मोठ्याने वाचाव्यात आणि त्या वेळी परिपत्रकाच्या दोन्ही बाजू समोर ठेवाव्यात.