क्लिप आधी, चौकट नंतर: कागदी स्टोरीबोर्डच्या या चुका टाळा

टाइमलाइन उघडायच्या आधी कागदावर बोर्ड काढा, हे मी एडिटिंग शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. निम्मी पोरं ऐकत नाहीत. उरलेली ऐकतात आणि शूटिंगच्या आधी काढायचा असतो तसला बोर्ड काढतात. तो बोर्ड वेगळा. तिथे मनातलं दृश्य काढायचं आणि मग कॅमेरा घेऊन ते मिळवायचं. शूटिंग उरकलंय, क्लिपा हार्ड डिस्कवर पडल्यात, तेव्हा बोर्ड म्हणजे घरात काय शिल्लक आहे ते बघून ठरवलेला स्वयंपाक. डब्यात तूरडाळ नसेल तर वरणाचा बेत करून काय उपयोग?

उदाहरण पेणचं घेतो, म्हणजे हवेत बोलणं नको. गणपतीच्या मूर्तींच्या एका कारखान्याची तीन मिनिटांची फिल्म करायची होती. दोन दिवस शूटिंग झालं, दोन कार्डं भरली, 186 क्लिपा, मिळून दोन तासांच्या वर फुटेज. शाडू मळण्यापासून मूर्ती टेम्पोत चढेपर्यंत सगळं त्यात होतं.

नसलेल्या क्लिपची चौकट

ही माझी सगळ्यात नावडती चूक. या फिल्मचा बोर्ड मी एका विद्यार्थ्याला करायला दिला. हात चांगला होता त्याचा. दोन दिवसांनी तो चित्रकलेची वही घेऊन आला, 32 चौकटी, पेन्सिलीने शेडिंगसुद्धा केलेलं. शेवटून दुसरी चौकट अशी: आखणी करणारा कारागीर मान वर करतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि हसतो.

मी विचारलं, "ही क्लिप कितवी?"

"असेल सर, सापडेल कुठेतरी."

आम्ही शोधायला बसलो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटायचं काम, कारखान्यातलं सगळ्यात नाजूक. त्या दोन दिवसांत त्या माणसाने काम करताना एकदाही मान वर केलेली नव्हती. मग एकेक चौकट तपासली. 32 पैकी 11 चौकटींना क्लिपच नव्हती. पोराने फुटेज पुढे ढकलत ढकलत पाहिलं होतं आणि बाकीचं मनाने भरलं होतं. असा बोर्ड घेऊन टाइमलाइनवर बसलं की दर तिसऱ्या चौकटीला भोक पडतं, आणि ते बुजवायला हाताला लागेल ती क्लिप घातली जाते.

त्या दिवसापासून माझ्याकडे नियम एकच: आधी क्लिपचा नंबर लिहायचा, मग वरची चौकट भरायची. नंबर नाही तर चित्र नाही. त्यासाठी सगळं फुटेज साध्या वेगाने, आवाजासकट, एकदा पूर्ण बघावं लागतं. दोन तासांच्या फुटेजला थांबत, लिहीत चार-पाच तास जातात. "थंबनेल बघून चालणार नाही का?" असं दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. नाही चालणार. थंबनेल बहुतेक वेळा क्लिपची पहिली फ्रेम असते, आणि पहिल्या फ्रेममध्ये कॅमेरामनचा हात अजून स्थिर व्हायचा असतो. चांगला क्षण मध्ये कुठेतरी दडलेला असतो. थंबनेलचे प्रिंट काढून भिंतीवर चिकटवणारे लोकही मी पाहिलेत. भिंत छान दिसते.

पूर्ण बघण्याचा फायदा त्याच फिल्ममध्ये मिळाला. 47 नंबरच्या क्लिपमध्ये कारागिराने ब्रश डोळ्याजवळ नेला, चारेक सेकंद तसाच धरला, मग मागे घेतला, मनगटाच्या वर पुसला आणि पुन्हा नेला. बस्स, एवढंच. हसण्याच्या चौकटीच्या जागी ही आली. असलं काही कोणी मनाने काढलं नसतं, कारण ब्रश मागे घेणं ही गोष्ट सुचतच नाही, ती दिसावी लागते.

नंबर लिहिताना कार्डाचं अक्षरही लिहा. बऱ्याच कॅमेऱ्यांत कार्ड फॉरमॅट केलं की मोजणी पहिल्यापासून सुरू होऊ शकते, मग दोन्ही कार्डांवर C0012.MP4 सापडते. मी अ-47, ब-12 असं लिहितो.

वही

वहीत काढू नका. वहीतली पानं मागेपुढे करता येत नाहीत, आणि या कामात करायचं असतं ते नेमकं तेच. मी ए-फोर कागदाचे आठ तुकडे करतो. एका चिठ्ठीवर आठ बाय साडेचार सेंटिमीटरची चौकट बसते, म्हणजे सोळा-नऊचं प्रमाण आपोआप आलं, आणि खाली लिहायला जागा उरते. चित्र काड्यांच्या माणसांचं. मूर्ती म्हणजे एक भोपळा आणि त्याला सोंड. शेडिंग केलेली चिठ्ठी फेकून द्यायला जीव होत नाही, आणि निम्म्या चिठ्ठ्या फेकायच्याच असतात.

कोपऱ्यात लाँ, मि किंवा क्लो लिहा: लाँग, मिड, क्लोज. चिठ्ठ्या सतरंजीवर मांडल्या की ओळीने पाच क्लो आलेले लांबूनही दिसतात.

बाण न काढणं

ही चूक माझी स्वतःची, आणि अशी की अजून आठवली तर कान तापतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कारखान्याचं काम होतं, तेव्हा मी घाईत बोर्ड न करताच बसलो होतो. शेवटचा भाग टेम्पो भरण्याचा. एका क्लिपमध्ये माणसं मूर्ती घेऊन पडद्यावर डावीकडून उजवीकडे जातात. पुढची क्लिप रस्त्याच्या पलीकडून घेतलेली, त्यात तीच माणसं उजवीकडून डावीकडे येतात. दोन्ही जोडल्या तर मूर्ती टेम्पोपर्यंत नेऊन कारखान्यात परत आणल्यासारखं दिसत होतं. रात्रीचे दोन वाजलेले, सकाळी फिल्म द्यायची. मी दुसरी क्लिप आडवी उलटवली, आरशात दिसते तशी. दिशा जुळली. मी झोपलो.

सकाळी मालकांनी फोनवर फिल्म बघितली आणि थांबवली. "अहो, हा उजव्या सोंडेचा कुठून आणलात? आमच्याकडे ऑर्डर असल्याशिवाय उजव्या सोंडेचा बनत नाही."

क्लिप उलटवली की सोंडही उलटते, हे मला सुचलं नव्हतं. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे सोवळं कडक, घरोघरी बसवायला बहुतेक लोक डाव्या सोंडेचाच मागतात. गिऱ्हाइकाला दाखवायच्या फिल्ममध्ये पहिल्या क्लिपमधली डाव्या सोंडेची मूर्ती टेम्पोत चढताना उजव्या सोंडेची झाली होती. आणि मागच्या टेम्पोवरची अक्षरं उलटी, ते वेगळंच.

चिठ्ठीवर बाण काढला असता तर हे पाच मिनिटांत कळलं असतं. हलणाऱ्या गोष्टीच्या दिशेला एक जाड बाण. माणूस स्थिर असेल तर तो कुठे बघतोय तिकडे बारीक बाण. कॅमेऱ्यासमोर सरळ चालत येणारा असेल किंवा नुसत्या वस्तूचा क्लोज असेल तर बाणाऐवजी ठिपका. मग चिठ्ठ्या ओळीत लावून फक्त बाण वाचायचे. उजवा, उजवा, डावा असं आलं की डाव्याच्या आधी एक ठिपक्याची चिठ्ठी घाला. बघणाऱ्याची दिशा तेवढ्यात पुसली जाते. माझ्याकडे तशी क्लिप होतीच: दोन मूर्तींच्या मध्ये पेंढा कोंबणारे हात, सहा सेकंद. ती मध्ये घातली आणि उलटवलेली क्लिप सरळ केली, काम झालं. रात्री दोन वाजता ती मला आठवली नाही, कारण ती 100 क्लिपांच्या खाली कुठेतरी होती आणि कागदावर नव्हती.

क्लिप उलटवणं हा शॉर्टकट मी तेव्हापासून सोडला. शर्टाचा खिसा, हातातलं घड्याळ, दुकानाची पाटी, काही ना काही फितूर होतंच.

क्लिपची पूर्ण लांबी लिहिणं

चिठ्ठीवर क्लिपची लांबी लिहू नका, वापरता येणारे सेकंद लिहा. क्लिप 40 सेकंदांची असते, त्यातले चांगले पाच असतात. तीन मिनिटं म्हणजे 180 सेकंद. सरासरी पाच सेकंद धरले तर 36 चिठ्ठ्या, त्यातून बोलणाऱ्या माणसाचे लांब तुकडे वजा करा. पहिल्या मांडणीत पोरांच्या 70 चिठ्ठ्या येतात आणि म्हणे "एडिटमध्ये कमी करू". सतरंजीवरच कमी करा, तिथे चिठ्ठी उचलून बाजूला ठेवायला दोन सेकंद लागतात.

एका दृश्यातून दुसरं उमलवायचं असेल, म्हणजे डिझॉल्व्ह, तर चांगल्या भागाच्या दोन्ही टोकांना थोडं जास्तीचं फुटेज लागतं. एक सेकंदाच्या डिझॉल्व्हला साधारण अर्धा अर्धा सेकंद. पहिल्या क्लिपच्या चांगल्या भागानंतर लगेच कॅमेरा हलला असेल, तर ते हलणंही त्यात दिसेल. अशा चिठ्ठीवर मी फुली मारून ठेवतो: इथे सरळ कट.

स्लो मोशनचं तसंच. "इथे स्लो करू" असं लिहिण्याआधी क्लिप सेकंदाला किती फ्रेमची आहे ते बघा. 25 च्या टाइमलाइनवर 50 ची क्लिप निम्म्या वेगाने सुरळीत चालते, तीन सेकंदांचे सहा होतात. 25 चीच क्लिप निम्मी केली तर प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते आणि हात अडखळल्यासारखा चालतो. ब्रशची ती 47 नंबरची क्लिप 25 चीच होती. पोराने स्लो लिहिलं होतं, मी खोडलं.

उरलेल्या

आवाजाची ओळ चित्राखाली लिहा. मालक बोलतायत की पॉलिश पेपरची खरखर आहे, हे न लिहिता बोर्ड झाला असं म्हणू नका.

मोबाइलसाठी उभी फिल्मही हवी असेल तर आधीच विचारा. 1920 बाय 1080 च्या आडव्या क्लिपमधून उभी चौकट कापली की रुंदी जेमतेम 607 पिक्सेल उरते, तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. चिठ्ठीवर दोन उभ्या रेघा मारा; कारागीर आणि मूर्ती दोन्ही त्यात मावत नसतील तर तिथेच कळेल.

मांडणीचा फोटो काढून ठेवा. आमच्याकडे एकदा पंखा लावला होता.

सगळं लागलं तरी एखाद्या जागी क्लिप नसतेच. तिथे मी लाल कोपऱ्याची कोरी चिठ्ठी ठेवतो आणि तिच्यावर फक्त सेकंद लिहितो. पेणच्या फिल्ममध्ये अशी एकच राहिली होती: सुकायला ठेवलेल्या मूर्तींची रांग, पाच सेकंद. पुढच्या रविवारी पोरगा सकाळच्या एसटीने गेला, ती एक क्लिप घेतली आणि दुपारी परत आला. हसणाऱ्या कारागिराची आणखी एक घेऊ का, असं त्याने तिथून फोनवर विचारलं होतं. मी नाही म्हणालो.