तक्ता नसताना सेल पोटेन्शियल

प्रश्न होता जस्त-चांदी सेलच्या प्रमाण पोटेन्शियलचा. धातूंच्या पोटेन्शियलचा तक्ता नव्हता. दिलं होतं एवढंच: जस्त-तांबे सेल १.१० व्होल्ट, तांबे-चांदी सेल ०.४६ व्होल्ट, दोन्हींत पहिला धातू ॲनोड. मी उगाच जस्ताचा आकडा आठवत बसलो. मग कागदावर उभी रेघ ओढली: तळाशी जस्त, त्याच्या १.१० वर तांबं, तांब्याच्या ०.४६ वर चांदी. जस्त ते चांदी अंतर १.५६ व्होल्ट. शून्य कुठे आहे, हे लागलंच नाही!

त्याआधी चांदीचे दोन आयन लागतात म्हणून ०.४६ दुप्पट करून मी २.०२ काढलं होतं. समीकरण दुप्पट केलं की मुक्त ऊर्जेतला बदल ΔG° दुप्पट होतो, पोटेन्शियल तेवढंच राहतं. आणि तांबं दोन्ही सेलमध्ये कॅथोड असतं, तर बेरजेऐवजी वजाबाकी करावी लागली असती.